पन्नास हजारांची खोटी जुळणी

अनेक गृहनिर्माण सोसायट्यांची दोन बँक खाती असतात. सभासदांचा मेंटेनन्स जवळच्या सहकारी बँकेतल्या खात्यात जमा होतो. वीजबिल, पाण्याचे टँकर, वॉचमनचा पगार आणि लिफ्टच्या देखभालीचा करार हे खर्च मात्र दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून भागवले जातात, कारण तिथले नेट बँकिंग सोयीचे असते. त्यामुळे खजिनदाराला अधूनमधून पहिल्या खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवावे लागतात, आणि पाठवताना कोणीही गोल आकडाच धरतो. कधी पन्नास हजार, कधी पस्तीस, पुढच्या महिन्यात पुन्हा पन्नास. ३१ मार्चला वर्ष संपले की या ये-जा करणाऱ्या पैशांचा ताळमेळ घालण्याचे काम येते. पहिल्या खात्यातून निघालेली प्रत्येक रक्कम दुसऱ्या खात्यात पोचली का, एवढाच प्रश्न असतो.

दोन्ही स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवता येत असल्याने हा प्रश्न हल्ली MATCH या सूत्राला विचारला जातो. सूत्र क्षणात शेकडो ओळी तपासते आणि सगळीकडे ‘सापडले’ असे सांगते. खजिनदार निर्धास्त होतो. पण एकच रक्कम दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा आली असेल, तर त्या ‘सापडले’ वर विसंबता येत नाही. ते का, आणि त्यावर काय करायचे, हे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवूनच नीट कळते.

समजा, एका सोसायटीची २०२५ सालच्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांची स्टेटमेंट आपल्यासमोर आहेत. पहिल्या खात्याच्या स्टेटमेंटमधून फक्त दुसऱ्या खात्याला पाठवलेल्या रकमा वेगळ्या काढल्या आहेत आणि दुसऱ्यामधून फक्त पहिल्याकडून आलेल्या जमा. दोन्ही याद्या एकाच शीटवर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

| शीटची ओळ | पहिल्या खात्यातून गेले | दुसऱ्या खात्यात आले |
|---|---|---|
| २ | ३ जानेवारी, ५०,००० | ३ जानेवारी, ५०,००० |
| ३ | १७ जानेवारी, ३५,००० | १७ जानेवारी, ३५,००० |
| ४ | ४ फेब्रुवारी, ५०,००० | २० फेब्रुवारी, ४०,००० |
| ५ | २० फेब्रुवारी, ४०,००० | ५ मार्च, ५०,००० |
| ६ | ५ मार्च, ५०,००० | १८ मार्च, ३५,००० |
| ७ | १८ मार्च, ३५,००० | २८ मार्च, ५०,००० |
| ८ | २८ मार्च, ५०,००० | |

सातच ओळी असल्यामुळे ४ फेब्रुवारीचे पन्नास हजार पोचलेले नाहीत, हे डोळ्यांनाही दिसते. खऱ्या शीटमध्ये वर्षभराच्या नोंदी असतात, मधेमधे इतर व्यवहार असतात आणि नजर थकते. म्हणून सूत्राकडे जायचे. A स्तंभात पाठवल्याची तारीख, B मध्ये रक्कम, C मध्ये बँकेने दिलेला तपशील. उजवीकडे F मध्ये जमेची तारीख, G मध्ये रक्कम, H मध्ये तपशील अशी मांडणी धरू. D आणि E हे मधले दोन स्तंभ कामासाठी रिकामे आहेत. D2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढले जाते:

```
=MATCH(B2,$G$2:$G$7,0)
```

याचा अर्थ असा, की B2 मधली रक्कम G2 ते G7 या पट्टीत शोध आणि सापडल्यास ती पट्टीत कितवी आहे ते सांग. शेवटचे शून्य ‘रक्कम तंतोतंत तीच हवी’ असे बजावते. ते शून्य लिहायचे राहिले, तर एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरून जवळपासची रक्कमही चालवून घेते. स्टेटमेंट रकमेच्या क्रमाने कधीच नसते, त्यामुळे मग येणाऱ्या उत्तराला काहीच अर्थ उरत नाही. तेवढी काळजी घेतली आहे असे समजून पुढे जाऊ.

सातही ओळींना उत्तर येते: १, २, १, ३, १, २, १. एकाही ओळीत ‘सापडले नाही’ असे सांगणारे #N/A नाही. उलट दिशेने, म्हणजे दुसऱ्या यादीतल्या रकमा पहिल्या यादीत शोधल्या, तरी एकही #N/A येत नाही. दोन्ही बाजूंनी सगळे जुळले. मात्र बेरीज केली, तर पहिल्या खात्यातून ३,१०,००० रुपये गेलेले आहेत आणि दुसऱ्यात २,६०,००० आले आहेत. नेमके पन्नास हजार कमी आहेत, तरी सूत्राला कुठेच उणीव दिसत नाही.

याचे कारण MATCH च्या कामाच्या पद्धतीत आहे. ते यादीच्या वरून सुरुवात करते, हवी ती रक्कम पहिल्यांदा दिसली की तिथेच थांबते आणि जागा सांगते. पुढच्या ओळीसाठी ते पुन्हा अगदी वरून सुरू होते. मघाशी कोणती नोंद वापरली याची त्याच्याकडे काहीही आठवण नसते. त्यामुळे आपल्या उदाहरणातले चारही पन्नास हजार ३ जानेवारीच्या एकाच जमेला जाऊन भिडले. किर्दीशी पासबुक पडताळणारे जुन्या पिढीतले हिशेबनीस एक नोंद जुळली की दोन्हीकडे लाल पेन्सिलीने खूण करत, आणि खूण झालेली नोंद पुन्हा हाताला घेत नसत. जुळवणीचा सगळा भरवसा त्या खुणेवर होता. सूत्रात ती खूणच नाही.

MATCH ऐवजी VLOOKUP वापरले तरी हेच घडते. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांतले XMATCH यादी खालून वर शोधू शकते; तसे केले तर चारही पन्नास हजार २८ मार्चच्या जमेला भिडतात, एवढाच फरक. दोष सूत्राचा आहे असेही नाही. ‘ही रक्कम त्या यादीत कुठे आहे का?’ असे त्याला विचारले जाते आणि त्याचे ते खरे उत्तर देते. ताळमेळ घालणाऱ्याला मात्र ‘हा व्यवहार तिकडे आहे का?’ हे जाणून घ्यायचे असते. रक्कम यादीत एकदाच येत असेल तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येते, आणि म्हणून अनेक महिने हे सूत्र बिनतक्रार चालल्यासारखे वाटते.

खोटी जुळणी ओळखण्याची पहिली खूण उत्तरांच्या त्याच स्तंभात पडलेली असते. १ हा आकडा चार वेळा आला आहे, २ हा दोन वेळा, आणि ४, ५, ६ एकदाही नाहीत. दुसऱ्या यादीतल्या तीन जमांकडे कोणी वळूनही पाहिलेले नाही. खरी जुळवणी झाली असती, तर प्रत्येक जागा फार तर एकदाच आली असती. दुर्दैवाने ही खूण अनेक जण स्वतःच्या हाताने पुसतात. शीट नीटनेटकी दिसावी म्हणून ते MATCH ला IF आणि ISNUMBER मध्ये गुंडाळतात आणि आकड्याच्या जागी ‘जुळले’ असा शब्द आणतात. मग चार ओळींत चारदा ‘जुळले’ दिसते, आणि ते चारही एकाच नोंदीशी जुळले आहेत हे सांगणारा आकडा नाहीसा होतो. निदान काम संपेपर्यंत तरी तो आकडा उघडा ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता उपाय. सूत्राला खूण करता येत नाही, पण सारख्या दिसणाऱ्या रकमांना क्रमांक देऊन त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येतात. D स्तंभातले जुने सूत्र पुसून तिथे हे लिहायचे:

```
=B2&"|"&COUNTIF(B$2:B2,B2)
```

COUNTIF इथे वरपासून या ओळीपर्यंत ही रक्कम कितव्यांदा आली ते मोजते. पट्टीचे पहिले टोक डॉलरच्या चिन्हाने बांधलेले आहे आणि दुसरे मोकळे आहे, त्यामुळे सूत्र खाली ओढत नेले की पट्टी एकेका ओळीने लांब होत जाते. पहिल्या पन्नास हजारांना 50000|1 अशी ओळख मिळते, पुढच्याला 50000|2. दुसऱ्या यादीसाठीही तेच सूत्र G च्या आधारे I स्तंभात लिहायचे आणि मग रकमेऐवजी या ओळखी एकमेकींशी जुळवायच्या. E2 मध्ये:

```
=MATCH(D2,$I$2:$I$7,0)
```

आता उत्तरे येतात १, २, ४, ३, ६, ५ आणि सर्वांत शेवटी #N/A. कोणताही आकडा दोनदा आलेला नाही. सहा नोंदी सहा नोंदींना लागल्या, पन्नास हजारांची एक नोंद उरली आणि ती उरलेली रक्कम बेरजेतल्या फरकाइतकीच आहे. बहुतेक जण इथे समाधानाने थांबतात. या विषयावर जे शिकवले जाते तेही साधारण इथपर्यंतच येऊन संपते. खरा धोका मात्र या टप्प्यावरच आहे.

कारण #N/A कोणत्या ओळीसमोर आले आहे ते पाहा. ते २८ मार्चसमोर आले आहे. न पोचलेले पैसे ४ फेब्रुवारीचे आहेत आणि सूत्र बोट दाखवते आहे २८ मार्चकडे. क्रमांक देण्याच्या पद्धतीत पहिल्या यादीतला पहिला पन्नास हजार दुसऱ्या यादीतल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असे लागत जातात. मधली एक नोंद गळाली की तिच्या खालच्या सगळ्या एकेक जागा वर सरकतात. ४ फेब्रुवारीला ५ मार्चची जमा मिळते, ५ मार्चला २८ मार्चची, आणि रांगेच्या टोकाला असलेली नोंद रिकाम्या हाताने उरते. त्या दोन महिन्यांतली कोणतीही नोंद गळाली असती, तरी उरली असती ती शेवटचीच.

आणि शेवटची नोंद उरणे हेच घात करणारे आहे, कारण तिच्यासाठी पटण्यासारखे कारण लगेच सुचते. २८ मार्च, शुक्रवार. वर्षअखेरीची गर्दी, रविवारी गुढीपाडवा. ‘पैसे निघाले असतील, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पोचले असतील,’ असे म्हणून ताळमेळ पत्रकात ‘३१ मार्च रोजी वाटेत असलेली रक्कम ५०,०००’ अशी ओळ लिहिली जाते. ऑडिटरलाही तिच्यात वावगे दिसत नाही, कारण वर्षअखेरीला अशी एखादी ओळ असतेच. एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये ती जमा शोधायला कोणी गेले नाही, तर ती ओळ तशीच पुढे चालत राहते.

बेरजेने हे पकडले जात नाही, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चार पन्नास हजारांपैकी कोणताही एक बाजूला काढला, तरी उरलेल्यांची बेरीज तीच राहते. बेरीज किती नोंदी कमी आहेत ते सांगते. कोणती नोंद कमी आहे ते तिला कधीच सांगता येत नाही. त्यासाठी रकमेच्या पलीकडचे काहीतरी लागते, आणि स्टेटमेंटमध्ये तसे दोन धागे असतात: तारीख आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक.

तारखेची परीक्षा सोपी आहे. जुळलेल्या जोडीत पैसे निघाल्याची आणि पोचल्याची तारीख यांत किती दिवसांचे अंतर आहे, तेवढे काढायचे:

```
=INDEX($F$2:$F$7,E2)-A2
```

INDEX हे MATCH ने सांगितलेल्या जागेवरची तारीख उचलून आणते. आपल्या शीटवर अंतरे येतात ०, ०, २९, ०, २३, ० आणि शेवटी #N/A. पहिल्या दोन जोड्या खऱ्या. तिसऱ्या ओळीत पैसे पोचायला एकोणतीस दिवस लागले आहेत, पाचवीत तेवीस. एनईएफटीने पाठवलेले पैसे एवढे रेंगाळत नाहीत. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा चालते. दिवसभरात अर्ध्या अर्ध्या तासाच्या अठ्ठेचाळीस फेऱ्या होतात, आणि फेरीचा हिशेब झाल्यापासून दोन तासांच्या आत समोरच्या बँकेने पैसे खात्यात जमा करावेत किंवा परत पाठवावेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे २९ हे अंतर दिसताच ती जोडी खोटी आहे असे धरून चालायला हरकत नाही. आणि मोठे अंतर ज्या ओळीपासून सुरू होते, तिथेच गळालेली नोंद शोधायची. इथे ती ओळ आहे ४ फेब्रुवारीची.

अंतराच्या या स्तंभाने आणखी एक चूक उघडी पडते. काही बँकांच्या स्टेटमेंटमध्ये सर्वांत जुना व्यवहार वर असतो, तर काहींमध्ये सर्वांत नवा. दोन्ही याद्या एकाच क्रमाने न लावता क्रमांक दिले, तर जानेवारीतला पहिला पन्नास हजार मार्चअखेरच्या पन्नास हजारांशी जोडला जातो. तेव्हा आपल्या उदाहरणात पहिल्या ओळीचे अंतर ८४ दिवस येते आणि ५ मार्चच्या ओळीत उणे ६१, म्हणजे पैसे निघण्याच्या दोन महिने आधीच पोचलेले. म्हणून क्रमांक देण्याआधी दोन्ही याद्या तारखेनुसार चढत्या लावून घ्याव्यात. त्या तारखा खरोखर तारखा आहेत ना, हेही पाहावे. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर 04/02/2025 ही आपली ४ फेब्रुवारी एक्सेल २ एप्रिल म्हणून वाचते आणि 18/03/2025 ला महिना अठरावा दिसल्याने ती नुसता मजकूर म्हणून सोडून देते. वजाबाकीत येणारे विचित्र आकडे अनेकदा यामुळेच असतात.

अंतर नंतर तपासण्याऐवजी तारखेची अट शोधतानाच घालता येते. त्यासाठी COUNTIFS उपयोगी पडते. पाठवल्याच्या दिवसापासून पुढच्या तीन दिवसांत हीच रक्कम दुसऱ्या खात्यात किती वेळा आली, ते विचारायचे:

```
=COUNTIFS($G$2:$G$7,B2,$F$2:$F$7,">="&A2,$F$2:$F$7,"<="&A2+3)
```

या एका सूत्राने ४ फेब्रुवारीसमोर थेट ० येतो आणि बाकी सहा ओळींसमोर १. क्रमांकही द्यावे लागले नाहीत. तीन दिवसांची मुदत एनईएफटीला गरजेपेक्षा जास्त आहे. चेकने पैसे फिरवले असतील किंवा मधे सुट्ट्या आल्या असतील, तर ती कामाला येते. मुदत उगाच वाढवू मात्र नये. ती महिनाभराची केली, की ४ फेब्रुवारीला पुन्हा ५ मार्चची जमा दिसू लागते आणि आपण मूळच्या खोट्या जुळणीपाशी परत येतो.

ज्या सोसायटीत पैसे महिन्यातून एक-दोनदाच फिरतात, तिथे एवढे पुरते. पण एक प्रसंग असा आहे, जिथे तारीखही कमी पडते. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी लाखभर रुपये हवे आहेत आणि बँकेने एका वेळी पन्नास हजारांचीच मर्यादा घातली आहे, तर खजिनदार एकाच दिवशी पन्नास-पन्नास हजार दोनदा पाठवतो. त्यातले एकदाचेच पोचले, तरी COUNTIFS दोन्ही ओळींसमोर १ दाखवते. यालाही आठवण नाही. दोन्ही ओळींनी एकाच जमेला आपले म्हटले आहे. अशा वेळी डावीकडेही मोजावे लागते, की त्या तारखेला ती रक्कम पहिल्या खात्यातून किती वेळा गेली:

```
=COUNTIFS($A$2:$A$8,A2,$B$2:$B$8,B2)
```

हे उत्तर २ आणि पोचल्याचे उत्तर १ असेल, तर त्या दिवसाच्या दोन्ही नोंदी संशयित. त्यांपैकी कोणती पोचली हे रक्कमही सांगू शकत नाही आणि तारीखही नाही. तिथे संदर्भ क्रमांकाशिवाय गत्यंतर नाही.

एनईएफटीच्या प्रत्येक व्यवहाराला सोळा अक्षर-अंकांचा यूटीआर क्रमांक मिळतो. आरटीजीएसला तो बावीसचा असतो. व्यवहाराची खरी ओळख तीच. दोन व्यवहारांचा यूटीआर एक नसतो, आणि पाठवणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोन्ही बँका तो आपापल्या तपशिलात लिहितात. अडचण एवढीच, की प्रत्येक बँकेची लिहिण्याची पद्धत वेगळी. एकीकडे तो सुरुवातीला येतो, दुसरीकडे पाठवणाऱ्याच्या नावानंतर, तिसरीकडे तिरप्या रेघांच्या मधे. म्हणून डाव्या बाजूला तो C स्तंभात सुटा करून घ्यावा आणि उजवीकडच्या लांबलचक तपशिलात तो कुठे दडला आहे ते शोधावे:

```
=MATCH("*"&C2&"*",$H$2:$H$7,0)
```

दोन्ही बाजूंच्या तारका ‘मागे-पुढे काहीही असो’ असे सांगतात. इथे MATCH ला जे काही सापडते ते खरोखर त्याच व्यवहाराचे असते. रक्कम चारदा येवो की चाळीसदा, फरक पडत नाही. पण या सूत्रातही एक फट आहे. C स्तंभातला कप्पा रिकामा असेल, उदाहरणार्थ चेकच्या व्यवहारात, तर दोन तारका उरतात आणि त्या कोणत्याही मजकुराशी जुळतात. सूत्र बिनदिक्कत १ असे उत्तर देते. रिकाम्या यूटीआरच्या ओळी म्हणूनच आधी वेगळ्या काढाव्यात आणि त्यांना चेक क्रमांकाने किंवा तारखेने जुळवावे.

म्हणजे कामाचा क्रम उलटा करायला हवा. आपण रकमेपासून सुरुवात करतो, कारण ती स्टेटमेंटमध्ये ठळक, सुटी आणि हाताशी असते. वास्तविक आधी यूटीआरने जुळवावे. ज्यांना तो नाही, त्या रक्कम आणि जवळची तारीख यांवर जुळवाव्यात. त्यातूनही एकाहून जास्त पर्याय उरले, तर तिथे सूत्र थांबवून माणसाने दोन्ही स्टेटमेंट उघडून पाहावीत. क्रमांकाची युक्ती टाकून देण्यासारखी नाही. किती नोंदी कमी आहेत हे ती चोख सांगते. तिने दाखवलेली तारीख मात्र खरी धरू नये.

याच्या उलटही कधी घडते. रक्कम समोर दिसत असूनही सूत्र #N/A देते. बँकेच्या फाईलमधला आकडा मजकूर म्हणून उतरलेला असतो किंवा त्यामागे न दिसणारी मोकळी जागा असते. त्याचा त्रास होतो, पण धोका नाही, कारण #N/A दिसले की आपण शोधायला जातो. खोट्या जुळणीकडे मात्र कोणी बघायलाच जात नाही.

आता ४ फेब्रुवारीच्या पन्नास हजारांचे काय झाले ते पाहू. यूटीआरने शोध घेतला, की दुसऱ्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये तो क्रमांक कुठेच नाही हे निश्चित होते. मग पहिल्याच खात्याचे पूर्ण स्टेटमेंट उघडायचे आणि या वेळी जमेची बाजू पाहायची. आपण ताळमेळासाठी फक्त गेलेल्या रकमा वेगळ्या काढल्या होत्या, त्यामुळे जमेची बाजू नजरेआड गेली होती. आपल्या उदाहरणात तिथे ४ फेब्रुवारीच्याच संध्याकाळी पन्नास हजार परत आलेले आहेत. परत आलेल्या व्यवहाराच्या तपशिलात बहुतेक वेळा मूळ यूटीआर किंवा ‘रिटर्न’ असा उल्लेख असतो. त्या दिवशी शाखेत हाताने भरलेल्या फॉर्मवर खाते क्रमांकातला एक अंक चुकला होता. त्या क्रमांकाचे खाते समोरच्या बँकेत नव्हते, म्हणून तिने पैसे परत केले.

चुकलेल्या अंकाचे खाते अस्तित्वात असते, तर पैसे परत आले नसते. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते. नाव जुळते का हे पाहिले जात नाही. पाठवण्याआधी घेणाऱ्याचे नाव पडद्यावर पाहून खात्री करण्याची सोय एनईएफटी आणि आरटीजीएसला देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ ची मुदत दिली होती. आपले उदाहरण त्याआधीचे आहे. तेव्हा पैसे अनोळखी माणसाच्या खात्यात गेले असते, आणि ते मागे आणण्यासाठी बँकेकडे तक्रार जितक्या लवकर जाईल तितके बरे. अशा वेळी सूत्राने फेब्रुवारीऐवजी मार्चकडे बोट दाखवणे फार महागात पडते. खजिनदार २८ मार्चचा व्यवहार घेऊन बँकेत जातो, बँक तो पोचल्याचा पुरावा दाखवते, आणि खरी हरवलेली रक्कम मागेच राहते.

पैसे परत आलेले असले, तरी हिशेबात गोंधळ उरतोच. सोसायटीच्या वहीत ४ फेब्रुवारीला पहिल्या खात्यातून पन्नास हजार वजा आणि दुसऱ्यात जमा अशी नोंद आहे. परतीची नोंद नाही. म्हणून पहिल्या खात्यात बँकेप्रमाणे वहीपेक्षा पन्नास हजार जास्त आहेत आणि दुसऱ्यात तेवढेच कमी. ‘वाटेत असलेली रक्कम’ या ओळीने दुसऱ्या खात्याचा फरक झाकला जातो, आणि पहिल्या खात्यातले जास्तीचे पन्नास हजार कोणा सभासदाने भरलेले, नाव न कळलेले पैसे म्हणून अनामत खात्यात जाऊन बसतात. एका चुकीच्या जोडीतून वहीत दोन खोट्या नोंदी तयार होतात. शिवाय दोन्ही एकमेकींना तोलून धरतात, त्यामुळे ताळेबंद जुळलेलाच राहतो.

योग्य नोंद एकच आहे: ४ फेब्रुवारीच्या तारखेने, परत आलेल्या यूटीआरचा उल्लेख करून, मूळ नोंद उलटवायची. पहिल्या खात्यात पन्नास हजार जमा, दुसऱ्यात तेवढेच वजा. त्यानंतर शीटवर ४ फेब्रुवारीची रक्कम पाठवलेल्यांच्या यादीतून काढून टाकली, की दोन्हीकडे २,६०,००० उरतात, क्रमांकाच्या सूत्राची उत्तरे १ ते ६ अशी ओळीने येतात आणि अंतराच्या स्तंभात सहाही ठिकाणी शून्य दिसते.